पाच बाय पाचचे शब्दकोडे

शाळेच्या वार्षिकांकातले शब्दकोडे बहुतेक वेळा उरलेल्या जागेत बसवले जाते. एक शब्द सुचला की लिहिला, त्याला दुसरा चिकटवला आणि मोकळी राहिलेली घरे काळी केली. अशा कोड्यात एका कोपऱ्यात शब्दांची दाटी होते, दुसरा कोपरा काळाकुट्ट राहतो, आणि पाचसहा शब्द दुसऱ्या कशालाच न छेदता एकटे लोंबकळतात. मुलाला तो शब्द आला तर आला. नाही आला तर मदतीला एकही अक्षर नाही.

हे टाळण्यासाठी समतोल चौकट घ्यावी. समतोल म्हणजे काय, तर कागद उलटा फिरवला तरी काळी घरे जिथल्या तिथे दिसली पाहिजेत. पहिल्या ओळीचे शेवटचे घर काळे असेल, तर शेवटच्या ओळीचे पहिले घरही काळे.

महाराष्ट्रातल्या नद्या हा विषय घेऊन असे कोडे रचून पाहू. विषयाचे शब्द जोडीने लागतात आणि जोडीतल्या दोन्ही शब्दांची लांबी सारखी हवी. मराठीत एका घरात एक अक्षर बसते, काना-मात्रा-अनुस्वारासकट; जोडाक्षरालाही एकच घर. म्हणून गोदावरी चार घरांची आणि इंद्रायणीही चारच घरांची. एक सर्वांत वर, दुसरी सर्वांत खाली.

वर कोणती ठेवायची? वरच्या शब्दाच्या अक्षरांनी उभे शब्द सुरू होतात, खालच्या शब्दाच्या अक्षरांनी ते संपतात. गो, दा, व यांनी सुरू होणारे शब्द मुबलक आहेत. उलट ‘णी’ने मराठी शब्द सुरूच होत नाही, ‘द्रा’ने सुरू होणारे मोजकेच, पण दोन्हींवर संपणारे शब्द सहज सापडतात. म्हणून गोदावरी वर, इंद्रायणी खाली. आता ‘इं’वर कोणताही शब्द संपत नाही, तेव्हा त्याच्या डोक्यावरचे घर काळे करणे भाग आहे. समतोलामुळे ‘री’च्या खालचे घरही काळे होते. मधले घर काळे केले की तिसऱ्या स्तंभात पाच अक्षरी शब्द शोधण्याची कसरत वाचते. बाकीचे शब्द खोडत-लिहीत भरले की चौकट अशी होते:

गो | दा | व | री | ■
ला | ल | सा | ■ | यु
का | न | ■ | शि | व
र | ■ | नि | वा | रा
■ | इं | द्रा | य | णी

वीस पांढरी घरे आणि बारा शब्द. त्यातली सोळा घरे आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत येतात. राहिलेली चार, म्हणजे री, यु, र आणि इं, एकाच शब्दात आहेत. क्लू लिहिताना खरी काळजी या चार घरांची घ्यायची. ‘युवराणी’साठी ‘राजघराण्यातील स्त्री’ असा क्लू दिला, तर ‘वराणी’ आडव्या शब्दांतून मिळेल, पण पहिले अक्षर मुलाला कुठूनच मिळणार नाही. ‘युवराजाची पत्नी’ म्हटले तर अर्धे उत्तर क्लूमध्येच फुटते. ‘राजगादीच्या वारसाची पत्नी’ हा क्लू नेमका आहे आणि उत्तरही झाकून ठेवतो. इंद्रायणीला नुसते ‘एक नदी’ म्हणून भागणार नाही. ‘देहू आणि आळंदी हिच्या काठी आहेत’ म्हटले की दुसरी नदी संभवत नाही.

क्लू आणि उत्तर व्याकरणानेही जुळावेत. गोलाकार हे विशेषण, म्हणून त्याचा क्लू ‘वर्तुळ’ नव्हे, ‘वर्तुळासारखा’. ‘वसा’साठी ‘व्रत’ एवढाच शब्द दिला तर मूल ‘नेम’ लिहून मोकळे होईल, कारण तोही दोन घरांत बसतो. ‘श्रावणातल्या कहाण्यांत घेतात ते व्रत’ म्हटले की उत्तर वशातच येते. ‘निद्रा’ला ‘झोप’ पुरते. सोप्या शब्दाला उगाच वळसे घालू नयेत.

ऱ्हस्व-दीर्घाबाबत मात्र तडजोड नको. शिव आणि शिवाय एकाच ‘शि’वर छेदतात. तिथे हद्द या अर्थाचा ‘शीव’ घ्यायचा मोह झाला तर उभा शब्द बिघडतो. ‘चालवून घ्या’ असे एकदा केले की मुलाचा छेदणाऱ्या अक्षरावरचा भरवसा उडतो, आणि शब्दकोडे सुटते ते त्याच भरवशावर.

छापण्याआधी कोरी चौकट एका वर्ग खालच्या दोघातिघांना वेगवेगळी बसवून सोडवायला द्यावी आणि आपण गप्प बसावे. सगळे एकाच घरापाशी अडले तर तिथला क्लू बदलायचा. एखाद्याने आपल्याला न सुचलेले, पण घरांत चपखल बसणारे उत्तर लिहिले, तर तेही आपल्या क्लूची ढिलाई समजून क्लू आवळायचा. छापखान्यातून प्रूफ आले की काळी घरे मोजून कागद उलटा फिरवून पाहावा आणि आकडे ज्या त्या घरात आहेत ना, ते एकेक बोट ठेवून तपासावे.