गाठीची रसद तोडणारं औषध, बीपी आणि फुटणारा घोळणा

मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरलेला असला की किमोच्या जोडीला अनेकदा बेव्हॅसिझुमॅब नावाचं औषध दिलं जातं. घरच्यांना ते एका वाक्यात समजावलं जातं: ‘हे औषध गाठीचा रक्तपुरवठा तोडतं.’ वाक्य खोटं नाही. पण ऐकणारा त्यातून दोन गोष्टी मनाशी धरून बसतो. एक म्हणजे रक्ताविना गाठ उपाशी मरणार, आणि दुसरी म्हणजे बाकीच्या शरीराला या औषधाची झळ लागणार नाही. दोन्ही समज दुरुस्त करायला हवेत. दुसरा तर अधिक काळजीने, कारण त्याच्यामुळे धोक्याच्या खुणा डोळ्यांसमोर असूनही नजरेतून सुटतात.

गाठ साधारण एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायची तर तिला नव्या रक्तवाहिन्या लागतात, ही कल्पना अमेरिकन शल्यचिकित्सक ज्युडा फोकमन यांनी 1971 मध्ये मांडली. या वाहिन्या तयार व्हायला लावणारं एक प्रथिन नेपोलिओने फेरारा यांच्या गटाने 1989 मध्ये वेगळं काढलं. त्याला व्हीईजीएफ म्हणतात. बेव्हॅसिझुमॅब ही या प्रथिनाला पकडून ठेवणारी अँटिबॉडी. 2004 मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली ती ज्या चाचणीच्या जोरावर, त्या चाचणीत नुसत्या किमोवरच्या रुग्णांचं मध्यक आयुष्य 15.6 महिने होतं आणि औषध जोडलेल्यांचं 20.3 महिने. अशा आजारात हे जवळपास पाच महिने फार मोलाचे आहेत, पण गाठ उपाशी मेल्याचा हा आकडा नव्हे. गाठीची वाढ मंदावते, आणि तिच्या वेड्यावाकड्या, गळक्या वाहिन्या काही काळ नीट झाल्यामुळे किमो आतपर्यंत पोचते, असंही अनेक संशोधक मानतात.

आता दुसरा समज. व्हीईजीएफ हे गाठीने शोधून काढलेलं रसायन नाही. निरोगी माणसाच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाही ते रोज लागतं. सारवलेली जमीन टिकवायची तर ती पुन्हापुन्हा सारवावी लागते, तसं या अस्तराचं आहे. झिजलेल्या पेशींच्या जागी नव्या याव्यात आणि असलेल्या तगून राहाव्यात, हा निरोप व्हीईजीएफ देत असतं. औषध सलाईनमधून शिरेत जातं, तेव्हा ते गाठीतलं प्रथिन आणि बाकीचं प्रथिन असा भेद करत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा 58 वर्षांच्या, 60 किलो वजनाच्या बाई आहेत. किलोमागे 5 मिलिग्रॅम या हिशेबाने त्यांना दर दोन आठवड्यांनी 300 मिलिग्रॅम औषध मिळतं. सुरुवातीला बीपी 124/78. दुसऱ्या डोसनंतर ते 152/94 झालं. आयुष्यात कधी बीपीची गोळी घेतलेली नाही. घरचे म्हणतात, ‘टेन्शन घेतलंय, दुसरं काही नाही.’

टेन्शन असेलच, पण एवढ्यावर कारण संपत नाही. व्हीईजीएफच्या इशाऱ्यावर अस्तराच्या पेशी नायट्रिक ऑक्साइड तयार करतात. या वायूमुळे वाहिनीच्या भिंतीतला स्नायू सैल राहतो. इशारा थांबला की वायू कमी, स्नायू आवळलेला आणि दाब वर. त्यातच सगळ्यात बारीक केशवाहिन्यांपैकी काही आकसतात, काही नाहीशा होतात. मूत्रपिंडातल्या गाळण्याही याच प्रथिनावर अवलंबून असतात, म्हणून बीपीबरोबर लघवीतली प्रथिनंही तपासतात. पट्टीच्या तपासणीत ती 2+ आली तर चोवीस तासांची लघवी गोळा करायला सांगतात. दिवसाला 2 ग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रथिनं जात असतील तर औषध तेवढ्यापुरतं थांबवतात.

2004 च्या त्या चाचणीत औषध घेणाऱ्या सुमारे 11 टक्के रुग्णांचं बीपी लक्षणीय वाढलं होतं. नुसत्या किमोवर हेच प्रमाण 2 टक्क्यांच्या आसपास होतं. बीपी वाढलं म्हणजे कर्करोगाचं औषध सोडायचं, असं मात्र नाही. बाईंना अ‍ॅम्लोडिपिनसारखी किंवा एसीई इनहिबिटर गटातली गोळी सुरू होते, घरी मोजणं सुरू होतं, आणि बहुतेकांचा उपचार पुढे चालू राहतो. चूक होते ती नंतर. आकडा 126/80 दिसला की ‘आता बीपी बरं झालं’ म्हणून गोळी परस्पर बंद होते. बीपी गोळीमुळे खाली आलेलं असतं, आणि ते वाढवणारं कारण दर दोन आठवड्यांनी शरीरात जातच असतं. बेव्हॅसिझुमॅब थांबवल्यावर मात्र गोळीची मात्रा डॉक्टरांकडून कमी करून घ्यावी लागते, नाहीतर बीपी खूप उतरतं. चढलेल्या बीपीबरोबर जोराची डोकेदुखी, अंधूक दिसणं, गोंधळल्यासारखं होणं किंवा आकडी यांपैकी काहीही झालं तर मेंदूला सूज येत असण्याची शक्यता असते. मग पुढच्या तपासणीची वाट पाहायची नाही.

रक्तस्रावाबद्दलचा गैरसमज अधिक चिवट आहे, कारण तो रिपोर्टच्या आधाराने उभा असतो. बाईंचा घोळणा फुटला. प्लेटलेट पाहिल्या तर 2 लाख 10 हजार. घरच्यांना हायसं वाटलं: ‘प्लेटलेट चांगल्या आहेत, उन्हाने झालं असेल.’ पण हा रक्तस्राव प्लेटलेट कमी झाल्यामुळे होतच नाही. कमकुवत झालं आहे ते वाहिनीचं अस्तर. नाकाच्या आतली त्वचा पातळ आणि सतत खरवडली जाणारी, म्हणून झीज आधी तिथे दिसते. रक्त पातळ झालं म्हणावं तर तेही नाही. अस्तर उघडं पडलं की त्याच जागी गुठळीही बनू शकते, म्हणून या औषधाने पक्षाघात आणि हृदयविकाराचा धोकाही थोडा वाढतो.

खुद्द गाठीतून होणारा रक्तस्राव सर्वांत भयंकर. फुप्फुसाच्या कर्करोगावरच्या सुरुवातीच्या एका चाचणीत काही रुग्णांना खोकल्यातून जिवावर बेतणारा रक्तस्राव झाला, आणि त्यातले काही दगावले. त्यात स्क्वेमस प्रकारच्या गाठीचे रुग्ण जास्त होते. या गाठी बहुधा छातीच्या मध्याजवळ, मोठ्या वाहिन्यांना लागून असतात आणि आतून पोखरल्या जातात. तेव्हापासून स्क्वेमस प्रकारात हे औषध टाळलं जातं. नुकतंच खोकल्यातून अर्धा चमचा किंवा अधिक रक्त पडलं असेल तरी देत नाहीत. म्हणून थुंकीतलं रक्त ‘थोडंसंच’ आहे म्हणून लपवू नये.

घोळणा फुटला तर पुढे वाकून बसायचं आणि नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं सलग दाबून धरायचा. मान मागे टाकायची नाही. बहुतेक वेळा एवढ्याने थांबतं. न थांबलं, शौच डांबरासारखं काळं झालं, किंवा पोटात अचानक असह्य कळ आली तर तडक रुग्णालयात. ही कळ आतड्याला भोक पडल्याची असू शकते. अशा वेळी घरात पेनकिलर देऊन रात्र काढणं धोक्याचं. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या तर एरवीही विचारल्याशिवाय घेऊ नयेत. त्यांनी बीपी चढतं आणि रक्तस्रावही वाढतो.

शेवटचा प्रश्न दाताचा. बाईंची दाढ दुखते आहे, आणि कोणीतरी सुचवतं की एक डोस चुकवून दाढ काढून घ्यावी. एक डोस चुकवल्याने शरीर मोकळं होत नाही, कारण हे औषध अर्ध्यावर यायलाच सुमारे 20 दिवस लागतात. ठरवून करायच्या मोठ्या शस्त्रक्रियेआधी किमान 28 दिवस औषध बंद ठेवतात, आणि नंतरही किमान 28 दिवस व जखम पुरती भरेपर्यंत ते सुरू करत नाहीत. जखम भरायला नव्या वाहिन्या लागतात, आणि त्या व्हीईजीएफशिवाय फुटत नाहीत. दाढ काढणं त्यामानाने लहान काम असलं तरी किती थांबायचं हे कर्करोगाच्या डॉक्टरांनी ठरवायचं असतं. बाईंनी दंतवैद्याला ‘किमो चालू आहे’ एवढंच सांगून भागणार नाही. औषधाचं नाव आणि शेवटच्या डोसची तारीख कागदावर लिहून न्यावी. म्हणजे दाढ आज काढायची की अँटिबायोटिक देऊन काही आठवडे थांबायचं, हे दोन्ही डॉक्टर आपसात बोलून ठरवू शकतात.