आधी ठरवून घे की!

लंडनहून

ब्रिटिश लायब्ररी पाहून आम्ही युस्टन रोडवर बाहेर आलो तेव्हा मामींचा गुडघा बोलायला लागला होता. पुढचा मुक्काम होता किंग हेन्रीज रोडवरचं दहा नंबरचं घर. 1921-22 मध्ये बाबासाहेब आंबेडकर शिकायला असताना तिथं राहिले होते आणि 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं. लातूरहून निघतानाच मामांनी बजावलं होतं, बाकी काही राहिलं तरी चालेल, हे राहू द्यायचं नाही. बस बदलत जाण्यात अर्थ नव्हता. मी रस्त्याच्या कडेला हात वर केला. कपाळावर नारिंगी दिवा लागलेली काळी टॅक्सी येऊन थांबली. दिवा लागलेला असला की गाडी रिकामी, विझला की सवारी आत, एवढं लक्षात ठेवलं की पुरतं.

मी खिडकीशी वाकून पत्ता सांगितला आणि दार उघडलं, तेवढ्यात मामांनी मागून माझा दंड धरला. "अरे, किती घ्यायलाव ते पुस की! आधी ठरवून घे, नंतर किटकिट नको."

या एका वाक्यात लातूर आणि लंडनमधला फरक आहे, म्हणून यंदाचं पत्र त्याच्यावरच.

मामांचं म्हणणं अनुभवातून आलेलं होतं. मागच्या वर्षी त्यांनी नांदेडला गुरुद्वाऱ्याला जायला लातूरहून एक गाडी केली होती. बोली झाली ती आपल्याकडे सगळीकडे होते तशीच: किलोमीटरला 13 रुपये, दिवसाला किमान 300 किलोमीटर. मामांनी मनात 3,900 धरले. रात्री मालकानं हिशेब मांडला तो असा. गाडी फिरली 322 किलोमीटर, कारण आकडा मामांच्या दारातून नाही, मालकाच्या शेडमधून निघाल्यापासून धरलेला. त्याचे 4,186. ड्रायव्हरचा भत्ता 300. टोल आणि पार्किंग 230. एकूण 4,716. यात लबाडी कुठली म्हणायची? यातला एकही आकडा खोटा नव्हता. फक्त त्यातले निम्मे बोलीत नव्हते. ड्रायव्हर बिचारा मध्ये उभा होता. गाडी त्याची नाही, दर त्यानं ठरवलेला नाही, आणि भत्त्यातले किती त्याच्या हातात पडणार हेही त्याला नीट माहीत नव्हतं.

लंडनच्या काळ्या टॅक्सीत बोली नसते. 'टॅक्सी' हा शब्दच मुळात 'टॅक्सीमीटर'चं आखूड रूप आहे आणि तो मीटर इथल्या मोटारटॅक्सींना 1907 पासून सक्तीचा आहे. दर चालक ठरवत नाही, मालकही ठरवत नाही. ते 'ट्रान्सपोर्ट फॉर लंडन' ही शहराची वाहतूक संस्था ठरवते आणि त्याचा तक्ता गाडीत लावलेला असतो. आठवड्याच्या कामाच्या दिवशी पहाटे पाचपासून रात्री आठपर्यंत पहिला दर, आठ ते दहा आणि शनिवार-रविवारी दिवसा दुसरा, रात्री दहानंतर व सुट्यांना तिसरा. लंडनच्या हद्दीतल्या फेरीला मीटरवरचा आकडा ही कमाल मर्यादा आहे. त्याहून कमी घ्यायला चालक मोकळा आहे, जास्त घ्यायला नाही. हद्दीबाहेर जायचं असेल तरच आधी ठरवायचं. म्हणजे मामांचा सल्ला इथं अगदीच बाद नाही, फक्त तो शहराची वेस ओलांडताना कामाला येतो.

आम्ही बसलो. मामांची नजर मीटरवर खिळलेली. पहिल्या सिग्नलला गाडी उभी राहिली आणि उभ्या गाडीत आकडा वाढला. मामांनी मला कोपरानं ढोसलं. हे मात्र समजून घेण्यासारखं आहे. हा मीटर अंतर आणि वेळ दोन्ही मोजतो. गाडी बऱ्या वेगानं चालली की अंतर मोजलं जातं. वेग ताशी सोळा-सतरा किलोमीटरच्या खाली गेला की घड्याळ मोजतं. त्यामुळे तोच रस्ता, तीच गाडी, पण सकाळी अकराचं आणि संध्याकाळी सहाचं भाडं एक येत नाही. हीथ्रो विमानतळावरून शहरात यायचं तर आकडा कुठल्या कुठे जाऊ शकतो. चालक प्रामाणिक असूनही गिऱ्हाइकाला उतरेपर्यंत आकडा कळत नाही. इथल्या लोकांचीही हीच तक्रार असते. आपल्याकडे भाडं आधी कळतं आणि वाद नंतर होतो. इथे वाद होत नाही, पण भाडंही कळत नाही.

मग लांबून फिरवलं तर? ही शंका मामांनी बोलून दाखवली, आणि तिचं उत्तर मीटरमध्ये नाही, चालकाच्या डोक्यात आहे.

या चालकांना जी परीक्षा द्यावी लागते तिला इथे 'द नॉलेज' म्हणतात. 1865 पासून ती चालू आहे. चेरिंग क्रॉस हा मध्य धरून सहा मैलांच्या वर्तुळातले सुमारे पंचवीस हजार रस्ते तोंडपाठ करायचे. त्यासाठी 320 ठरलेले मार्ग असतात. पहिला मॅनर हाउस स्टेशनपासून गिब्सन स्क्वेअरपर्यंतचा, आणि हा पहिला मार्ग इथला कुठलाही टॅक्सीवाला झोपेतही म्हणून दाखवतो. प्रत्येक मार्गाच्या दोन्ही टोकांभोवती पाव मैलात काय काय आहे तेही हवं: दवाखाना, नाटकगृह, पोलीस चौकी, क्लब, पुतळा. रविवारी सकाळी स्कूटरच्या हँडलला कागदाची पाटी अडकवून हळूहळू फिरणारी माणसं दिसतात, ती हेच पाठ करत असतात. साधारण तीन-चार वर्षं त्यात जातात, पोटाची नोकरी सांभाळून.

परीक्षा तोंडी. उमेदवार सूट घालून परीक्षकासमोर बसतो. परीक्षक दोन ठिकाणांची नावं घेतो. आधी ती दोन्ही कुठे आहेत ते सांगायचं, मग सगळ्यात जवळचा मार्ग वळणावळणानं म्हणायचा: डावीकडे अमुक रस्ता, उजवीकडे तमुक, पुढे चौकाला वळसा. एकेरी रस्ता चुकला की गुण गेले. सुरुवातीला दर 56 दिवसांनी बोलावणं येतं, पुढच्या पायरीला 28 दिवसांनी, शेवटी 21 दिवसांनी. 2000 साली इथल्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या एलेनॉर मॅग्वायर यांनी या चालकांच्या मेंदूंची चित्रं काढली, तेव्हा जागा लक्षात ठेवणाऱ्या 'हिपोकॅम्पस' या भागाचा मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा दिसला. उपजत मोठा असणारेच या धंद्यात येतात की काय, ही शंका उरली होती. 2011 मध्ये त्यांनी उमेदवारांची शिकण्याआधी आणि नंतर तपासणी केली. जे पास झाले त्यांच्यातच वाढ दिसली.

मामांना मी म्हटलं, आपल्या गंजगोलाईला सोळा रस्ते फुटतात, त्यातला कुठला कुठे निघतो हे आपल्या रिक्षावाल्यालाही पाठ असतंच की. त्यावर मामा म्हणाले, "पाठ असतंय, पण कुणी परीक्षा घेत नाही. नवा पोरगा आला तर तोच आपल्याला पुसतो, कुठून घेऊ?" खरंय. आपल्याकडचं ज्ञान खुणांचं आहे: नांदेड नाक्याच्या अलीकडं, दयानंद कॉलेजच्या पलीकडं. आणि ते गिऱ्हाइकानं अर्धं पुरवायचं असतं.

आमच्या चालकानं कॅम्डनचा सरळ रस्ता घेतला नाही. ऑल्बनी स्ट्रीटनं वर गेला आणि रीजंट्स पार्कच्या कडेनं प्रिमरोज हिलला निघाला. मी विचारलं तर म्हणाला, दुपारी कॅम्डनमध्ये बाजाराची गर्दी असते, तिथं तुमचं घड्याळ चालत राहील. जाणकार चालक असा ओळखावा. तो वाट का बदलली ते न अडखळता सांगतो आणि ते सांगणं तुमच्या खिशाच्या बाजूचं असतं.

मात्र या परीक्षेत विचारतात ते 'कुठे', 'काय' नाही. घराची निळी पाटी त्यानं लांबूनच दाखवली. त्या घरात राहून गेलेल्या माणसाबद्दल मामींनी माझ्यामार्फत विचारलं, तेव्हा तो म्हणाला, भारतातले कुणी मोठे कायदेपंडित, एवढंच ठाऊक आहे. पुढचं त्याला मामांनी सांगितलं आणि मला त्याचं भाषांतर करावं लागलं. आतलं दाखवणं हा इथे वेगळा धंदा, वेगळी माणसं. 'ब्लू बॅज' लावणारे गाइड त्यासाठी वेगळं शिकून वेगळी परीक्षा देतात. आपल्याकडे खरोसा लेण्यांना नेणारा ड्रायव्हरच गाइड होतो आणि सांगता सांगता लेणी पांडवांच्या नावावर चढवतो. इथल्या चालकाकडून ती गंमत मिळणार नाही.

वेळेच्या बाबतीत काळ्या टॅक्सीला गुण कसे द्यावेत हा प्रश्नच आहे, कारण ती हात केल्यावर येते. वेळ पाळण्याची कसोटी लागते ती आधी बोलावलेल्या खासगी गाडीला, जिला इथे मिनीकॅब म्हणतात. तिचं भाडं आधी कळतं, म्हणून आम्हीही बरेचदा तीच बोलावतो. मामांना विमानतळावरून आणायला ठरवलेली अशी एक गाडी वीस मिनिटं उशिरा आली होती. तेवढ्यात एका गृहस्थानं जवळ येऊन, हळू आवाजात, आमच्या हॅरोपर्यंत सरसकट एकशे वीस पौंड सांगितले. आधी बोलावल्याशिवाय मिनीकॅबला रस्त्यावरून किंवा विमानतळाच्या दारातून सवारी उचलायचा अधिकारच नाही. जो स्वतःहून जवळ येऊन 'टॅक्सी?' म्हणतो त्याच्यापासून लांब राहावं. गंमत म्हणजे मामांना तोच जवळचा वाटला होता, कारण तो भाडं आधी ठरवत होता.

दहा नंबरच्या घराशी मीटरवर सतरा पौंड होते, म्हणजे जवळपास दोन हजार रुपये. मी कार्ड लावलं. 2016 पासून प्रत्येक काळ्या टॅक्सीत कार्ड घ्यावंच लागतं, त्यामुळे 'सुट्टे नाहीत' हा संवाद इथे ऐकू येत नाही. पावती मागितली, मिळाली. मामांनी चालकाच्या गळ्यातला बिल्ला आणि गाडीच्या मागच्या पाटीवरचा परवाना नंबर पावतीच्या पाठीवर उतरवून घेतला. तक्रार करायला हाच नंबर लागतो, असं मी सांगितलं होतं. तक्रार काही नव्हती, तरी उतरवून घेतला. "महाग हाय," ते म्हणाले, "पण किटकिट नाही."

मामा-मामी परवा हैदराबादला उतरतील. तिथून लातूरला न्यायला मामांनी त्याच मालकाची गाडी सांगितली आहे. काल रात्री माझ्या स्वयंपाकघरातून ते फोनवर बोलत होते: "किलोमीटर कुठून धरणार, माझ्या दारातून का तुझ्या शेडमधून? येतानाचं रिकामं भाडं किती? भत्ता त्यातच का वेगळा? सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठव." पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग फोनवर एक अंगठा आला. मामा तो मला दाखवत म्हणाले, "हे बघ, मीटर पडलं."