कर्जाचा हप्ता काढताना : दर महिन्याचा, तर मुदतही महिन्यांचीच

गावात व्याजाच्या दोन भाषा चालतात. सावकार "दोन टक्क्यांनी देतो" म्हणतो तेव्हा ते दोन टक्के महिन्याचे असतात, म्हणजे शेकडा महिना दोन रुपये, वर्षाचे चोवीस. बँक "बारा टक्के" म्हणते ते वर्षाचे. हा फरक आपल्याकडे शाळेत न गेलेल्या म्हातारीलाही कळतो. पण तेच गणित कॉम्प्युटरवर मांडले की शिकलेली माणसेही चुकतात, कारण यंत्राला दर महिन्याचा की वर्षाचा हे कळत नाही. आपण देऊ तो आकडा ते मुकाट्याने घेते.

ग्रामपंचायतीतल्या, सोसायटीतल्या कॉम्प्युटरवर किंवा पोराच्या मोबाईलवर एक्सेल असते. त्यात हप्ता काढायला पीएमटी नावाचे तयार सूत्र आहे. त्याला तीन गोष्टी सांगाव्या लागतात आणि क्रमही हाच ठेवावा लागतो : दर, हप्त्यांची संख्या आणि मुद्दल. दर मात्र दोन हप्त्यांमधल्या काळाचा हवा. हप्ता महिन्याला भरायचा असेल तर दर महिन्याचा आणि संख्याही महिन्यांची. सगळी मेख इथेच आहे.

एक उदाहरण धरू. म्हशी आणि गोठा यांसाठी ६ लाख रुपये कर्ज, वर्षाला १२ टक्के व्याज घटत्या बाकीवर, मुदत ५ वर्षे. दुधाचा पैसा वरचेवर हातात येतो, म्हणून हप्ता महिन्याचा. एका रिकाम्या चौकटीत असे लिहायचे :

```
=PMT(12%/12, 5*12, -600000)
```

वर्षाच्या दराला बाराने भागले, वर्षांना बाराने गुणले. उत्तर येते १३,३४६ रुपये ६७ पैसे. मुद्दलापुढची वजाबाकीची खूण पाहून घाबरू नये. ती दिली नाही तर हप्ता उणे दिसतो, कारण सूत्राच्या हिशेबात कर्ज म्हणजे आलेला पैसा आणि हप्ता म्हणजे गेलेला. आकडा तोच राहतो.

आता हा आकडा बरोबर की चूक, हे ओळखायचे कसे? त्याला कागद-पेन्सिल पुरते. ६ लाखाला ६० ने भागा : १०,००० रुपये. हे नुसते मुद्दल झाले, व्याज धरलेच नाही. आता पहिल्या महिन्याचे व्याज काढा : ६ लाखाला शेकडा एक, म्हणजे ६,०००. दोन्ही मिळून १६,०००. घटत्या बाकीवरचा खरा हप्ता १० हजार ते १६ हजार यांच्या मधेच पडला पाहिजे. १० हजाराच्या खाली तो असूच शकत नाही. आणि व्याज दर महिन्याला कमी होत जाते, म्हणून तो १६ हजारालाही पोचत नाही.

ही दोन कुंपणे डोक्यात ठेवली की चुका लगेच उघड्या पडतात. दर महिन्याचा केला पण मुदत ५ च ठेवली, तर हप्ता १,२३,६२४ रुपये दाखवतो. यंत्राने ५ वर्षांऐवजी ५ महिने धरले. उलट, मुदत ६० केली पण दराला भागायचे राहिले, तर ७२,०८० येतात. ते महिन्याला १२ टक्के व्याज झाले. एवढे तर सावकारही मागत नाही. तिसरी गंमत टक्क्याच्या खुणेची. 12% ऐवजी नुसते 12 लिहिले की बाराने भागून १ उरतो, आणि सूत्राच्या लेखी १ म्हणजे शंभर टक्के. मग हप्ता येतो बरोबर ६ लाख. हप्ता मुद्दलाएवढा दिसला की खूण राहिली असे खुशाल समजावे.

कुंपणाच्या आतली चूक मात्र खरी घातकी. एखादा हुशार माणूस दर १२ टक्के आणि मुदत ५ अशी दोन्ही वर्षातच ठेवतो. उत्तर येते १,६६,४४६ रुपये. ते चूक नाही. वर्षाअखेर एकदाच भरायचा तो हप्ता आहे. पण मग हा गडी त्याला बाराने भागतो आणि सांगतो, "महिन्याला १३,८७० बसतात बघा अण्णा." आकडा १० ते १६ हजारात असल्यामुळे कुणाला शंका येत नाही. प्रत्यक्षात महिन्याला ५२४ रुपये जादा झाले. वार्षिक हप्त्यात पूर्ण वर्षभर सगळ्या मुद्दलावर व्याज चढते. महिन्याला भरणाऱ्याचे मुद्दल मात्र दर महिन्याला उतरत असते. त्या उतरण्याचा फायदा भागाकारात हरवतो. साठ हप्त्यांत ही रक्कम ३१ हजारांच्या पुढे जाते.

ही चूक पकडायला बाकीचा तक्ता मांडावा. पहिल्या महिन्याचे व्याज ६,०००, १३,३४६.६७ मधून ते गेले की ७,३४६.६७ मुद्दलात जमा, बाकी ५,९२,६५३.३३. दुसऱ्या महिन्याचे व्याज या बाकीवर ५,९२६.५३. असे खाली खाली ओढत गेले की साठाव्या ओळीत बाकी शून्य यायला हवी. १३,८७० चा हप्ता धरून बघा, सत्तावन्नाव्या हप्त्यातच कर्ज फिटते. मग उरलेले तीन हप्ते कशाचे, हे विचारता येते.

आणि कुणी नेमका १६,००० चा हप्ता सांगितला तर? तेव्हा दर "फ्लॅट" आहे, म्हणजे पाचही वर्षे पूर्ण ६ लाखांवर व्याज लावले आहे. बोलायला तो बारा टक्केच. घटत्या बाकीने मोजला तर वर्षाला सुमारे २०.३ टक्के पडतो. सही करण्याआधी एवढे विचारावेच.

ट्रॅक्टरच्या कर्जाला अनेकदा सहामाही हप्ता असतो, कारण पैसा सुगीलाच येतो. नियम तोच, फक्त बाराच्या जागी दोन :

```
=PMT(12%/2, 5*2, -600000)
```

हप्ता ८१,५२१ रुपये. महिन्याच्या हप्त्याला सहाने गुणून ८०,०८० धरले तर दर सहामाहीला १,४४१ रुपये तोकडे पडतात. ऐन सुगीत ही तूट जाणवते.

पीककर्जाला हे सूत्र लावू नये. ते हंगामानंतर एकरकमी फेडायचे असते, तिथे हप्ताच नाही. विमा, प्रक्रिया शुल्क हेही सूत्रात येत नाही, ते वेगळे मांडावे. बँकेचा दर मधे बदलला तर उरलेली बाकी आणि उरलेले महिने घेऊन नव्याने हप्ता काढावा, जुन्या मुद्दलावर नव्हे. आणि बँक १३,३४६.६७ चे १३,३४७ करते. त्यामुळे साठावा हप्ता सुमारे २७ रुपयांनी कमी निघतो. दिवसांवर व्याज मोजणाऱ्या बँकेत त्यात आणखी थोडा फरक पडेल.