मेणासारखा झालेला चेहरा पुन्हा माणसाचा करताना

आजोबांच्या फोटोत सदऱ्याच्या जागी काळा कोट हवा, असे एआयला सांगितले की कोट उत्तम येतो. चेहरा मात्र मेणाचा होऊन परततो. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या पुसल्या जातात, गालावरचा तीळ विरतो, पांढऱ्या मिशीचे केस एकमेकांत मिसळतात. चेहऱ्याला हात लावायला तर कुणी सांगितलेलेच नसते.

याचे कारण असे की यातली बरीच साधने फक्त कोट रंगवत नाहीत, सगळे चित्र नव्याने काढतात. समजा मूळ फोटो ३००० × ४००० पिक्सेलचा आहे आणि त्यात चेहऱ्याची रुंदी ८०० पिक्सेल आहे. साधनाने तो ७६८ × १०२४ एवढा करून परत दिला, तर चेहरा साधारण २०५ पिक्सेलचा उरतो. स्टेबल डिफ्यूजनसारखी मॉडेल याहून पुढे जातात. ८ × ८ पिक्सेलचा प्रत्येक चौकोन ती मोजक्या आकड्यांत दाबून ठेवतात आणि नंतर त्या आकड्यांवरून चित्र पुन्हा उभे करतात. म्हणजे आजोबांचा चेहरा आडवा मोजला तर जेमतेम २६ चौकोनांत बसवला गेला. मूळ फोटोत ८ पिक्सेलचा असलेला तीळ आता २ पिक्सेलचा झाला, एका चौकोनाच्याही पाव रुंदीचा. तो टिकणार कसा?

गेलेला तपशील बदललेल्या चित्रात कुठेच नसतो, त्यामुळे ते चित्र कितीही ‘शार्प’ केले तरी तीळ परत येत नाही. तो मूळ फोटोत असतो आणि तिथूनच आणावा लागतो.

हे काम गिम्प या मोफत प्रोग्रॅममध्येही करता येते. आधी बदललेले चित्र मूळ फोटोच्या मापाइतके मोठे करावे, मूळ फोटो त्यावर दुसऱ्या थरात ठेवावा आणि थराचा मोड Difference करावा. दोन्ही चेहरे नेमके जुळले की तो भाग जवळजवळ काळा दिसतो. नाक-डोळ्यांभोवती उजळ दुहेरी रेषा दिसल्या, तर थर थोडा सरकवावा. जुळल्यावर मोड पुन्हा Normal करून, मऊ कडांचा मास्क लावून मूळ चेहरा तेवढा दिसू द्यावा. पुष्कळदा एवढ्यावरच काम भागते.

एआयने चेहऱ्यावरचा उजेड किंवा रंगही बदलला असेल, तर असा चेहरा ठिगळासारखा दिसतो. अशा वेळी रंग नव्या चित्राचा आणि पोत जुन्या फोटोचा घ्यावा. मूळ थराच्या दोन प्रती करून वरची Gaussian Blur ने ८-१० पिक्सेल धूसर करावी. त्याच वरच्या प्रतीला Grain extract मोड देऊन या दोन्हींचा एकत्र थर केला की करडे चित्र मिळते. त्यात फक्त सुरकुत्या, रोमछिद्रे, केस आणि तीळ असतात. तो थर बदललेल्या चित्रावर Grain merge मोडमध्ये ठेवावा आणि मास्कने चेहऱ्यापुरता मर्यादित करावा. त्याखालचा नवा चेहराही आधी तेवढाच धूसर करून घ्यावा. नाहीतर त्यात उरलेला तपशील दुप्पट होऊन कातडी खरखरीत दिसते.

ही पद्धत चेहऱ्याची ठेवण तीच राहिली असेल तरच चालते. एआयने बंद ओठांचे हसू केले असेल, तर जुन्या ओठांची रेषा नव्या दातांवर भुतासारखी उमटते. तिथे कपाळ आणि गालांचाच पोत घ्यावा, तोंड सोडून द्यावे. उजेडाची बाजूच बदलली असेल, तर सुरकुत्यांच्या सावल्या उलट पडतात. त्याला या पद्धतीत उपाय नाही.

मूळ फोटोच हरवला असेल, तर लोक जीएफपीगॅन किंवा कोडफॉर्मर वापरतात. असंख्य चेहऱ्यांवर शिकलेली ही मॉडेल धूसर चेहऱ्यात पापण्या आणि त्वचा भरतात. पण तो भरलेला तपशील आजोबांचा नसतो, मॉडेलचा अंदाज असतो. कोडफॉर्मरमध्ये ० ते १ असा एक आकडा असतो. तो ० कडे नेला की चेहरा देखणा होतो, १ कडे नेला की दिलेल्या चित्राशी अधिक प्रामाणिक राहतो. घरच्या माणसाच्या फोटोसाठी तो १ च्या जवळ ठेवावा.

शेवटी चित्र १०० टक्के मोठे करून, घरातल्या दुसऱ्या एखाद्या फोटोशेजारी ठेवून पाहावे. भुवईतली खाच, तिळाची जागा, दातांमधली फट, वरच्या पापणीची घडी या खुणा ताडून पाहाव्यात. त्या जुळल्या नाहीत, तर चेहरा कितीही रेखीव असला तरी तो दुसऱ्याच कुणाचा आहे. भिंतीवर लावायच्या फोटोत अशा वेळी थोडा धूसर राहिलेला खरा चेहराच ठेवावा.