दोन सचिन पाटील

समजा, एका कारखान्याच्या ऑफिसात दोन सचिन पाटील आहेत. एक बरीच वर्षे अकाउंट्समध्ये, दुसरे नुकतेच खरेदी विभागात रुजू झालेले. तोंडी कारभारात काही अडत नाही. शिपाईमामा एकाला ‘अकाउंटवाले साहेब’ म्हणतात, दुसऱ्याला ‘परचेसवाले’. घोळ होतो तो कागदावर आणि पडद्यावर.

टपालाचा घोळ सरळ असतो. कुरिअरवाला गेटवर लखोटा देतो, आवक नोंदवहीत नुसतं ‘सचिन पाटील’ लिहिलं जातं आणि लखोटा ओळखीच्या, म्हणजे जुन्या पाटलांच्या टेबलावर पोचतो. फोडल्यावर आत पुरवठादाराचं दरपत्रक निघतं. “अहो पाटील, हे तुमचं दिसतंय,” एवढ्यावर विषय मिटतो.

ई-मेलचं तसं नाही. जुन्यांचा पत्ता sachin.patil, नव्यांचा sachin.patil2. यंत्राच्या लेखी ही दोन वेगळी माणसं आहेत. चूक होते ती पाठवणाऱ्याकडून. ‘sac’ टाइप केलं की आउटलुक त्या माणसाने पूर्वी वापरलेले पत्ते सुचवतं, आणि ज्यांच्याशी नेहमीचा पत्रव्यवहार ते बहुधा वर दिसतात. एचआरमधली ताई घाईत पहिलंच नाव निवडते आणि नव्या पाटलांचं पगारवाढीचं पत्र जुन्यांकडे जातं. पत्ता खरा असल्यामुळे मेल परत येत नाही. पत्र पोचलं असं समजून ताई निर्धास्त. पुढे कुणी ‘रिप्लाय ऑल’ केलं, की चुकीचे पाटील त्या साखळीत कायमचे अडकतात. बिंग फुटतं ते आठवड्याने, नवे पाटील “माझं पत्र अजून आलं नाही” म्हणतात तेव्हा.

मेल मागे घेता येतो, यावर फार विसंबू नये. जीमेलमध्ये त्यासाठी जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात. आउटलुकची सोय साधारणपणे एकाच संस्थेच्या यंत्रणेत चालते, आणि तोवर मेल वाचला गेला असेल तर उपयोग काय?

खरा उपाय दिसणाऱ्या नावात आहे. पत्त्यातला ‘2’ कुणाचा, हे कुणाच्या लक्षात राहत नाही. वडिलांचं नाव जोडलं तरी बाहेरच्या पुरवठादाराला ते ठाऊक नसतं. विभाग मात्र सगळ्यांना कळतो: ‘सचिन पाटील – खरेदी’. इथे बहुतेक ऑफिसं अर्धंच काम करतात. शेपूट फक्त नव्याला लावतात, जुना नुसता ‘सचिन पाटील’ राहतो आणि सगळी भटकी टपाल त्याच्याकडेच येते. म्हणून ‘सचिन पाटील – अकाउंट्स’ हेही हवंच. आवक नोंदवहीतही विभागाचा रकाना ठेवावा.

तुमच्या ऑफिसात अशी जोडी असेल, तर पगाराचं किंवा चौकशीचं पत्र धाडण्याआधी नावावर क्लिक करून पूर्ण पत्ता वाचा. आणि दुसऱ्याचं पत्र तुमच्याकडे आलं, तर ते परस्पर पुढे ढकलू नका. पाठवणाऱ्याला कळवा आणि पुसून टाका.