नेटखाली उतरणारा पाय

व्हॉलीबॉल कोर्टाच्या मधोमध जी रेघ असते ती पाच सेंटिमीटर रुंद असते. ब्लॉक किंवा स्मॅश करून खाली येणाऱ्या खेळाडूचं पाऊल या रेघेपलीकडे गेलं तरी नियम त्याला अडवत नाही. पावलाचा काही भाग रेघेवर टेकलेला किंवा तिच्या वर असला म्हणजे झालं. म्हणजे नेटखालची ती वीतभर पट्टी दोन्ही संघांच्या मालकीची. इकडचा स्मॅशर आणि तिकडचा ब्लॉकर एकाच क्षणी हवेत असतात, दोघांची नजर बॉलवर असते आणि एकाचा पाय दुसऱ्याच्या पावलावर उतरतो. व्हॉलीबॉलमधली सर्वांत नेहमीची अचानक होणारी दुखापत म्हणजे घोटा मुरगळणं, आणि ती बहुतेक वेळा इथेच होते.

कॉलेजच्या संघात निवड झालेली मुलं-मुली दुकानात जातात तेव्हा हा घोटाच त्यांच्या डोक्यात असतो. विक्रेता मात्र आधी टाचेवर अंगठा दाबून दाखवतो. ‘बघा, किती मऊ आहे!’ तिथूनच गोंधळाला सुरुवात होते, कारण मऊपणा आणि घोट्याची स्थिरता या दोन गोष्टी बुटात एकमेकींच्या विरुद्ध ओढत असतात.

एक उदाहरण घेऊ. साठ किलो वजनाची मिडल ब्लॉकर पंचेचाळीस सेंटिमीटर उडी मारते. जमिनीला टेकताना तिचा वेग सेकंदाला सुमारे तीन मीटर असतो. आता हा वेग किती अंतरात शून्यावर आणायचा, एवढाच प्रश्न. तिने गुडघे आणि कंबर वाकवून शरीर आणखी तीस सेंटिमीटर खाली जाऊ दिलं, तर पायांवरचा सरासरी भार वजनाच्या अडीच पट, म्हणजे दीडशे किलोच्या आसपास येतो. तीच मुलगी दमल्यावर पाय ताठ ठेवून उतरली आणि शरीर दहाच सेंटिमीटरमध्ये थांबलं, तर भार साडेपाच पट होतो. तीनशे तीस किलो. प्रत्यक्षात काही क्षण तो सरासरीच्याही वर जातो.

यात बुटाचा वाटा किती? चांगल्या बुटाचा मिडसोल, म्हणजे वरचं कापड आणि खालचं रबर यांच्यामधला फोमचा थर, जोराच्या उतरण्यात फार तर सेंटिमीटरभर दबतो. तीस सेंटिमीटरमध्ये एकाची भर पडली तर सरासरी भारात फरक जवळजवळ पडतच नाही. ताठ पायांच्या बाबतीतही साडेपाच पटींवरून तो पाच पटींच्या जवळ येतो, इतकंच. खरा धक्का मांड्या, गुडघे आणि पोटऱ्या खातात. फोमचं काम वेगळं आहे: चवडा टेकल्यावर टाच जमिनीवर आपटते तो पहिला तीक्ष्ण ठोका तो बोथट करतो. दोन तासांच्या सरावात अशा शे-दीडशे उड्या झाल्या की हा बोथटपणा टाचेला आणि नडगीला चांगलाच जाणवतो. म्हणून कुशनिंग हवंच, पण ते चवड्याखालीही हवं. अनेक रनिंग शूजमध्ये सगळा गुबगुबीतपणा टाचेखाली साठवलेला असतो.

शिवाय इनडोअर हॉलमधली लाकडी जमीन स्वतःच थोडी दबते. मेपल किंवा सागाच्या पट्ट्यांखाली आडव्या लाकडी बत्त्या आणि त्यांच्याखाली रबराचे तुकडे असतात. युरोपातलं इनडोअर जमिनीचं मानक सांगतं की अशा जमिनीने काँक्रीटच्या तुलनेत धक्का किमान पंचवीस टक्के कमी करायला हवा. चांगल्या लाकडी जमिनी निम्म्याहून जास्त कमी करतात. पण सगळे हॉल तसे नसतात. काही ठिकाणी लाकूड थेट सिमेंटवर चिकटवलेलं असतं. अनवाणी उभं राहून टाच आपटली की लगेच कळतं: खालून पोकळ, खोल आवाज आला आणि पायाला किंचित झुलल्यासारखं वाटलं, तर जमीन जिवंत आहे. अशा जमिनीवर रोज सराव असेल तर जाड सोलची गरज कमी होते. आणि पातळ सोल घोट्यासाठी चांगला.

कारण सरळ आहे. पाऊल जमिनीपासून जितकं उंच, तितका ते कलंडवणाऱ्या जोराला दांडा लांब मिळतो. त्यात फोम मऊ असेल तर बाहेरच्या कडेवर वजन पडताच ती कड दबते आणि कलंडायला उतारच तयार होतो. लांब पल्ल्याच्या धावण्यासाठी बनवलेले जाड, उंच सोलचे शूज रस्त्यावर अप्रतिम असतात, कारण धावणारा सरळ पुढे जातो. ब्लॉकर मात्र नेटच्या कडेने आडवी सरकते, एका पायावर वजन टाकून थांबते आणि उसळते. तिच्यासाठी टाच जमिनीलगत आणि सोलची बाहेरची कड थोडी पसरट असलेला बूट बरा. दुकानात तपासणी सोपी आहे. टाचेभोवतीची वाटी बोटांनी दाबली तर ती चेपली जाऊ नये. बूट दोन्ही हातांनी पिळला तर मध्ये सहज पिळवटू नये. वाकवला तर चवड्यापाशी वाकावा, मधोमध नव्हे.

आता गमचा सोल. हा पिवळसर-तपकिरी रंग म्हणजे बराचसा नैसर्गिक रबराचा स्वतःचा रंग. टायरचं रबर काळं असतं कारण ते झिजू नये म्हणून त्यात कार्बनची काळी भुकटी घालतात. ती इथे नसते, त्यामुळे जमिनीवर काळे ओरखडे उठत नाहीत आणि मिश्रण मऊ ठेवता येतं. मऊ रबर गुळगुळीत पॉलिशवर लाकडाच्या बारीकसारीक उंचसखलपणात दबून बसतं. हॉलमध्ये ऐकू येणारी ती चर्रचर्र त्याचीच. पण केवळ रंगावर जाऊ नये. साधं टणक रबर तपकिरी करून विकणं अवघड नसतं. नख दाबून बघावं, किंचित रुतलं पाहिजे. सोल पांढऱ्या कागदावर जोरात घासावा, काळी रेघ उमटता कामा नये.

या सोलचा शत्रू म्हणजे धूळ. आपल्याकडे बहुतेक कॉलेजांचा सराव मातीच्या किंवा सिमेंटच्या मैदानावर चालतो आणि लाकडी कोर्ट दिसतं ते स्पर्धेसाठी बालेवाडीसारख्या क्रीडासंकुलात गेल्यावर. तेच बूट मातीत घालून आलेली मुलगी पहिल्याच बॉलला घसरते, कारण रबर आणि लाकूड यांच्यामध्ये धुळीचा थर असतो. सिमेंट तर मऊ गम खरवडूनच काढतं. काही महिन्यांत नक्षी सपाट. म्हणून हॉलचे बूट पिशवीत न्यायचे आणि कोर्टाच्या कडेला बसून घालायचे, बाहेरच्यासाठी जुना जोड ठेवायचा. सोल ओल्या फडक्याने पुसून कोरडा करावा. थिनर किंवा पेट्रोलने पुसण्याचा उद्योग करू नये, रबर बिघडतं. वर्षा-दोन वर्षांत सोल कडक आणि चकचकीत झाला, की नक्षी शिल्लक असली तरी त्याची पकड गेलेली असते.

मग जितकी जास्त पकड तितकं चांगलं का? याचं उत्तर जपानमध्ये 1951 साली मिळालं. कोबे शहरात किहाचिरो ओनित्सुका यांनी नुकताच बुटांचा व्यवसाय सुरू केला होता; पुढे त्यातूनच आसिक्स ही कंपनी उभी राहिली. बास्केटबॉल खेळाडूंना झटक्यात थांबता येईल असा सोल ते शोधत होते. जेवताना ताटात ऑक्टोपसचे तुकडे आले, त्यांच्यावरच्या चोषकांकडे लक्ष गेलं आणि तशाच खळग्यांचा सोल त्यांनी बनवला. पहिल्या नमुन्याची पकड इतकी घट्ट निघाली की खेळाडू तोल जाऊन पडू लागले. खळगे उथळ केल्यावर बूट चालला. मुद्दा आजही तोच आहे. उतरताना पाऊल जरासं सरकलं तर फिरण्याचा जोर जमिनीवर खर्च होतो. पाऊल खिळल्यासारखं अडकलं तर तोच जोर गुडघ्यात आणि घोट्यात जातो. म्हणूनच युरोपच्या त्या मानकात जमिनीच्या घर्षणाला खालची मर्यादा आहे तशी वरचीही आहे.

राहिला उंच कॉलरचा प्रश्न. घोटा झाकणारा बूट घोटा वाचवतो, असं वाटणं स्वाभाविक आहे. अमेरिकेत कॉलेजमधल्या सहाशेहून अधिक बास्केटबॉल खेळाडूंना उंच आणि बुटके बूट वाटून देऊन दुखापती मोजल्या गेल्या. 1993 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. पाय दुसऱ्याच्या पावलावर पडतो तेव्हा चवडा खाली आणि तळवा आत वळलेला असतो, घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात, आणि स्नायू आवळले जाण्याआधीच मामला संपलेला असतो. कापडाची कॉलर तिथे काय करणार?

फरक पडला तो दुसऱ्याच उपायाने. नॉर्वेतले क्रीडावैद्यक तज्ज्ञ रोआल्ड बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या व्हॉलीबॉल संघांना उडीचं आणि उतरण्याचं तंत्र शिकवलं आणि तोल सांभाळण्याच्या फळीवर सराव करायला लावला. 1997 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले तेव्हा घोट्याच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या होत्या. तंत्र असं: स्मॅशरने धावत येऊन पुढे झेपावायचं नाही, शेवटचं पाऊल लांब टाकून वेग मोडायचा आणि सरळ वर उडायचं. असं केलं की उतरणं रेघेच्या अलीकडेच होतं. दोघींनी मिळून ब्लॉक करताना एकीने दुसरीच्या जागेत न उतरणं, हाही याच सरावाचा भाग.

ज्या खेळाडूचा घोटा आधी मुरगळला आहे, तिची गोष्ट वेगळी. तोच घोटा पुन्हा मुरगळण्याचा धोका पहिले सहा ते बारा महिने सर्वाधिक असतो, आणि त्या काळात लेसवाला किंवा दोन्ही बाजूंना कडक पट्ट्या असलेला अँकल ब्रेस खरोखर उपयोगी पडतो. तिने बूट घ्यायला जाताना ब्रेस सोबत न्यावा. तो चढवल्यावर बहुतेकींना अर्धा नंबर मोठा लागतो, किंवा आतला इनसोल काढून पातळ घालावा लागतो. अर्धा नंबर वाढवून पुढे बोटं सैल राहत असतील तर इनसोलचाच मार्ग धरावा, कारण आत सरकणारं पाऊल ब्रेस असूनही कडेवर जातं.

इतर सर्वांनी संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, सामन्याचे जाड मोजे घालून माप द्यावं. आपल्याकडे चवडा रुंद असलेले पाय भरपूर, आणि अरुंद साच्यावरच्या महागड्या बुटात करंगळी सोलच्या कडेबाहेर लोंबकळते. कागदावर पाऊल आखून तो कागद बुटाच्या तळाशी धरला की हे पैसे देण्याआधी दिसतं. लिबेरोला ब्लॉक करायचाच नसतो, तिला मिडल ब्लॉकरइतकं कुशनिंग लागत नाही. गमचा सोल असलेले आणि आडव्या हालचालीसाठीच बनवलेले बॅडमिंटनचे बूट तिला छान चालतात, आणि गावच्या दुकानात ते व्हॉलीबॉलच्या बुटांपेक्षा सहज मिळतात.