क्रिएटिनिनचा उतार एका कागदावर

किडनीच्या जुनाट आजाराचं निदान झालं की घरात रिपोर्टांची फाईल फुगायला लागते. दर तीन महिन्यांनी रक्त, मध्येच लघवी, कधी कोपऱ्यावरची लॅब तर कधी हॉस्पिटलची, आणि उरलेलं मुलाच्या व्हॉट्सॲपवर. प्रत्येक कागदावर क्रिएटिनिनचा आकडा ठळक छापलेला असतो, कारण तो निरोगी माणसाच्या मर्यादेबाहेर आहे. पण या रुग्णाचा आकडा त्या मर्यादेबाहेरच राहणार आहे. त्यामुळे त्या ठळकपणातून नवं काही कळत नाही. कळायला हवं ते वेगळंच: गेल्या वर्ष-दीड वर्षात किडनी कोणत्या वेगाने उतरते आहे? ते एकाही रिपोर्टात लिहिलेलं नसतं. सगळे रिपोर्ट एका तक्त्यात एकाखाली एक मांडले तरच ते दिसतं.

एक नमुना घेऊ. ५८ वर्षांचे गृहस्थ, जुना मधुमेह, सोबत रक्तदाब. त्यांच्या सात रिपोर्टांचा तक्ता असा होतो:

| नमुना कधी दिला | क्रिएटिनिन | ई-जीएफआर | युरिया | शेरा |
|---|---|---|---|---|
| जानेवारी २०२४ | १.८ | ४३ | ५१ | बीयूएन २४ चं रूपांतर |
| एप्रिल २०२४ | १.९ | ४० | ५४ | |
| जुलै २०२४ | २.६ | – | ९८ | जुलाब, ताप, गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळ्या |
| ऑगस्ट २०२४ | २.० | ३८ | ५६ | बरे झाल्यावर |
| नोव्हेंबर २०२४ | २.१ | ३६ | ५८ | रक्तदाबाची गोळी बदलली |
| फेब्रुवारी २०२५ | २.१ | ३६ | ६० | |
| मे २०२५ | २.२ | ३४ | ६२ | |

हेच रिपोर्ट सुटे वाचले तर घरात काय होतं ते सांगायला नको. जुलैत २.६ बघून सगळे हादरतात, डायलिसिसची चौकशी सुरू होते. ऑगस्टमध्ये २.० आल्यावर पेढे वाटायचेच तेवढे बाकी राहतात. त्यानंतर दर वेळी 'जरासंच वाढलंय' म्हणत फाईल बंद होते. तक्ता मात्र उलटी गोष्ट सांगतो. जुलैची उसळी जुलाबात शरीरातलं पाणी कमी झाल्याने आणि वर घेतलेल्या वेदनाशामकांनी आली होती, ती उतरलीही. काळजी करावी अशी चाल त्या उसळीच्या दोन्ही बाजूंना आहे. ती इतकी हळू आहे की एकाही रिपोर्टाने कुणी दचकलं नाही.

आता ई-जीएफआरचा रकाना. क्रिएटिनिनवरून, वय आणि लिंग धरून, किडनीची गाळण्याची क्षमता किती उरली असेल याचा तो अंदाज. हा रकाना नुसत्या क्रिएटिनिनपेक्षा महत्त्वाचा का, तर क्रिएटिनिनची वाढ फसवी असते. याच गृहस्थांचं क्रिएटिनिन १ वरून २ झालं असतं तर ई-जीएफआर ८७ वरून ३८ वर येतो, म्हणजे निम्म्याहून जास्त क्षमता गेली. पुढे ४ वरून ५ झालं तर तो १७ वरून १३ वर येतो. वाढ दोन्हीकडे एकचीच, पण किडनीच्या हिशेबात फरक केवढा! म्हणूनच सुरुवातीच्या काळातल्या ०.२, ०.३ च्या वाढीकडे कानाडोळा करू नये.

मात्र लॅबने छापलेले ई-जीएफआर जसेच्या तसे उतरवून घेऊ नका. एक लॅब जुनं सूत्र वापरते, दुसरी नवं. एकाच रक्ताचे त्यामुळे दोन आकडे येऊ शकतात, आणि लॅब बदलली एवढ्यावरून किडनी सुधारल्याचा भास होतो. सगळ्या तारखांसाठी एकच सूत्र लावायचं. सध्या बऱ्याच ठिकाणी २०२१ चं सीकेडी-ईपीआय सूत्र वापरतात. स्प्रेडशीटमध्ये क्रिएटिनिन B रकान्यात आणि त्या दिवशीचं वय C रकान्यात असेल तर पुरुषासाठी ते असं लिहायचं:

```
=142*MIN(B2/0.9,1)^-0.302*MAX(B2/0.9,1)^-1.2*0.9938^C2
```

स्त्रीसाठी दोन्हीकडचं 0.9 काढून 0.7 घालायचं, -0.302 च्या जागी -0.241, आणि शेवटी 1.012 ने गुणायचं. हे सूत्र प्रौढांसाठी आहे आणि क्रिएटिनिन स्थिर असतानाच ते खरं बोलतं. आकडा दिवसागणिक वर-खाली होत असेल तर उत्तराला अर्थ नसतो. म्हणूनच जुलैची चौकट मुद्दाम रिकामी सोडली आहे.

चुका बहुधा एककात होतात. जानेवारीच्या लॅबने 'युरिया' नव्हे तर 'बीयूएन' दिलं होतं. तो त्याच पदार्थातला फक्त नायट्रोजन. २.१४ ने गुणलं की युरिया मिळतो, २४ चे ५१ होतात. हे न करता २४ च्या खाली ५४ लिहिलं असतं तर तीन महिन्यांत युरिया दुप्पट झाला म्हणून घर डोक्यावर घेतलं गेलं असतं. परदेशातला रिपोर्ट असेल तर क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये, १६८ असं काहीतरी दिसेल. त्याला ८८.४ ने भागलं की आपलं १.९ येतं. रूपांतर केलं की मूळ आकडाही शेऱ्यात ठेवा. तारीख रक्त दिल्याची घ्या, रिपोर्ट छापल्याची नको. आणि आकडे भरून झाले की एकाने मूळ कागदावरून मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने तक्त्यावर बोट ठेवावं. १.८ चं १.०८ झालेलं असं वाचतानाच सापडतं.

माझ्या मते या तक्त्यातला सगळ्यात मोलाचा रकाना शेऱ्याचा, आणि नेमका तोच कुणी भरत नाही. ताप, जुलाब, वेदनाशामक, नवी गोळी, रक्त चढवलं असेल तर तेही तिथे दोन-तीन शब्दांत यावं. रक्तदाबाच्या काही गोळ्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं चढतं, आणि ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर साधारणपणे चालवून घेतात. शेरा नसेल तर 'गोळीने किडनी बिघडली' असं ठरवून रुग्ण ती परस्पर बंद करतो आणि किडनीला जपणारं औषधच जातं.

युरियाच्या शेजारी पोटॅशियम, हिमोग्लोबिन आणि लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराचे रकाने घ्या. इथे जागेअभावी ते गाळले आहेत. फॉस्फरस, पीटीएच वगैरे डॉक्टरांनी सांगितलं तर. रकाने वाढले की नजर भरकटते. जी तपासणी झालीच नाही तिथे अंदाजाने आकडा भरू नका.

आता उताराचा हिशेब. जानेवारी २०२४ ते मे २०२५ हे सोळा महिने. ई-जीएफआर ४३ वरून ३४ वर, म्हणजे वर्षाला साडेसहा-सातची घट. केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार वर्षाला ५ हून जास्त घट टिकून राहिली तर आजार वेगाने वाढतो आहे असं धरतात. यातला एकेक टप्पा ०.१ चा आहे, आणि तेवढा फरक लॅब बदलल्यानेही पडतो. म्हणून दोन रिपोर्टांवरून निष्कर्ष काढू नये. पण आजारपणाची ओळ वगळली तर उरलेल्या सहा ओळींत आकडा एकदाही मागे फिरलेला नाही, आणि एवढं नेफ्रॉलॉजिस्टला रक्तदाब, साखर आणि लघवीतलं प्रथिन नव्याने तपासायला पुरेसं आहे.

पुढच्या भेटीला हा एक कागद फाईलच्या वर ठेवा, मूळ रिपोर्ट खाली असू द्या. पोटॅशियम ६ च्या वर आलं तर मात्र तक्ता भरत बसू नका. नमुन्यातल्या पेशी फुटल्यानेही तो आकडा खोटा चढलेला असू शकतो, पण ते ठरवायचं काम आपलं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.